डांबरगोळीचं मोलर वस्तुमान गोठणबिंदूवरून कसं काढायचं, आणि एककं कुठे दगा देतात

कपाटात ठेवायच्या पांढऱ्या डांबरगोळ्या दोन वेगवेगळ्या पदार्थांच्या असू शकतात. काही नॅफ्थलीनच्या असतात, काही पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही उग्र वासाच्या, दोन्ही हळूहळू उडून जाणाऱ्या. पुडीवर नाव नसेल तर नुसतं बघून सांगणं अवघड. पण नॅफ्थलीनचं मोलर वस्तुमान १२८ ग्रॅम प्रति मोल आहे आणि पॅराडायक्लोरोबेन्झीनचं १४७. म्हणजे गोळीच्या पदार्थाचं मोलर वस्तुमान काढता आलं, तर ती कशाची हे कळतं.

गोठणबिंदूतील घटीचं गणित शिकायला हे उदाहरण मी मुद्दाम निवडलं आहे. पुस्तकातल्या गणितात उत्तर मागच्या पानावर असतं, आणि एकक चुकलं तर ते तिथेच कळतं. इथे दोन शक्य उत्तरांत जेमतेम पंधरा टक्क्यांचा फरक आहे. गणितातली एखादी छोटी चूकही आपल्याला गुपचूप एका पदार्थावरून दुसऱ्यावर नेऊ शकते.

मुळात मोजायचं काय

शुद्ध द्रावक एका ठरावीक तापमानाला गोठतो. त्यात न उडणारा किंवा अगदी कमी उडणारा पदार्थ विरघळवला की तो आधीपेक्षा खालच्या तापमानाला गोठू लागतो. विरळ द्रावणात ही घट द्राव्य कोणतं यावर अवलंबून नसते. एक किलो द्रावकात द्राव्याचे किती मोल कण आहेत, एवढ्यावरच ती ठरते. त्या संख्येला मोललता म्हणतात.

```
ΔTf = Kf × m
```

यात ΔTf म्हणजे गोठणबिंदूतील घट, m म्हणजे मोललता आणि Kf हा त्या द्रावकाचा स्थिरांक. आपण उलट दिशेने जाणार आहोत. घट मोजायची, तिच्यावरून मोललता काढायची, मोललतेवरून मोल काढायचे, आणि तराजूवर मोजलेल्या ग्रॅमना त्या मोलनी भागायचं.

द्रावक म्हणून आपण सायक्लोहेक्झेन घेऊ. डांबरगोळी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून पाणी तसंही बाद आहे. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. पाण्याचा Kf १.८६ आहे, सायक्लोहेक्झेनचा सुमारे २०.२. म्हणजे तेवढ्याच मोललतेला सायक्लोहेक्झेन जवळपास अकरा पट जास्त घट दाखवतो. साध्या तापमापीने काम करायचं असेल तर हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय सायक्लोहेक्झेन ६.५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो, त्यामुळे बर्फ आणि पाणी एवढ्यावर भागतं. Kf ची किंमत पुस्तकागणिक थोडी वेगळी सापडते, कुठे २०.० असते तर कुठे त्याहून जरा जास्त. एक किंमत धरा, वहीत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच वापरा.

एक इशारा आधीच. सायक्लोहेक्झेन चटकन पेट घेतो आणि त्याची वाफ जड असते. हा प्रयोग घरी नाही, प्रयोगशाळेत करायचा. खिडक्या उघड्या हव्यात, आसपास बर्नर पेटलेला नको, आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते टाकाऊ द्रावकांच्या बाटलीत जमा करायचं.

प्रयोग

कोरडी, स्वच्छ परीक्षानळी बुचासकट वजन करून घ्या. तिच्यात पिपेटने २०.० मिलिलिटर सायक्लोहेक्झेन घाला, बूच लावा आणि पुन्हा वजन करा. दोन वजनांतला फरक हे द्रावकाचं वस्तुमान. आपल्या उदाहरणात ते १५.५५ ग्रॅम आलं असं धरू. पिपेटने मोजलंच आहे, तर परत वजन कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर पुढे चुकांच्या यादीत आहे.

आता बुचाच्या जागी तापमापी आणि ढवळणी बसवा. तापमापीवर ०.१ अंशाच्या खुणा असाव्यात, म्हणजे दोन खुणांमधलं अर्धं घर नजरेने धरून ०.०५ पर्यंत वाचता येतं. ही नळी एका मोठ्या रिकाम्या परीक्षानळीत उभी करा आणि ती मोठी नळी बर्फ-पाण्याच्या चंचुपात्रात ठेवा. मधल्या हवेच्या थरामुळे द्रावण सावकाश थंड होतं. हा थर नसेल तर कडेचा द्रव झटकन गोठतो, मधला गोठत नाही, आणि तापमापी यांपैकी नेमकं कशाचं तापमान दाखवते ते कळत नाही.

एकसारखं ढवळत राहा आणि दर पंधरा-वीस सेकंदांनी तापमान लिहा. तापमान उतरत जाईल आणि बहुतेक वेळा गोठणबिंदूच्याही खाली जाईल. मग पहिले स्फटिक दिसताच ते एकदम वर उसळेल आणि एका जागी स्थिर होईल. ही स्थिर पातळी म्हणजे शुद्ध द्रावकाचा गोठणबिंदू. आपल्याकडे तो ६.४० आला. पुस्तकात ६.५ च्या आसपास दिलेला असतो म्हणून हा आकडा बदलायचा नाही. तुमची तापमापी ०.१ ने कमी दाखवत असेल, तर द्रावणालाही ती तेवढीच कमी दाखवेल आणि वजाबाकीत ती चूक निघून जाईल. म्हणूनच दोन्ही वाचनं एकाच तापमापीने घ्यायची.

या कामासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ अर्न्स्ट बेकमन यांनी जी तापमापी बनवली, तिचं वैशिष्ट्य इथे लक्षात घेण्यासारखं आहे. तिची पट्टी पाच-सहा अंशांचीच असते, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग केलेले असतात. ती खरं तापमान सांगतच नाही, दोन तापमानांमधला फरक तेवढा सांगते. आपल्याला हवा असतो तोही फक्त फरक.

नळी हाताच्या उबेने वितळवा. डांबरगोळी कुटून तिची ०.२५२ ग्रॅम पूड मोजून घाला. रंगीत किंवा सुगंधी गोळी घेऊ नका, कारण तिच्यातले इतर पदार्थही आपले कण मोजणीत मिसळतात. पूड पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. मग पुन्हा तसंच थंड करत वाचनं घ्या.

द्रावणाचा आलेख मात्र वेगळा दिसतो, आणि इथे नवखा माणूस हमखास अडतो. तापमान खाली जातं, उसळून वर येतं, पण सपाट राहत नाही. ते हळूहळू उतरतच राहतं. कारण गोठतो तो शुद्ध सायक्लोहेक्झेन. स्फटिक वाढतात तसं उरलेलं द्रावण अधिकाधिक तीव्र होतं, आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. आपल्याला हवा आहे सुरुवातीच्या द्रावणाचा गोठणबिंदू, म्हणजे पहिला स्फटिक पडायला हवा होता त्या क्षणाचा. त्यासाठी गोठण सुरू झाल्यानंतरची मंद उताराची रेघ पट्टीने मागे वाढवायची. ती सुरुवातीच्या वेगाने उतरणाऱ्या रेघेला जिथे छेदते, ते तापमान घ्यायचं. आपल्या आलेखावर ते ४.२० आलं.

समजा आलेख न काढता कोणी सगळ्यात खालचं वाचनच उचललं आणि ते ३.७० होतं. मग घट २.२० ऐवजी २.७० होते आणि मोलर वस्तुमान १२१ येतं. १२१ हा आकडा नॅफ्थलीनच्या १२८ ला जवळचा वाटतो, आणि गोळी नॅफ्थलीनची असल्याचा चुकीचा निकाल अगदी आत्मविश्वासाने लिहिला जातो. म्हणून आलेखाचा कागद वाचवू नका.

गणित

पहिली पायरी घटीची. ६.४० वजा ४.२० म्हणजे २.२० अंश सेल्सिअस, आणि तापमानातला फरक म्हणून २.२० केल्व्हिनसुद्धा. पुढची पायरी मोललतेची:

```
m = ΔTf ÷ Kf = २.२० ÷ २०.२ = ०.१०८९ मोल प्रति किलोग्रॅम
```

याचा अर्थ नीट वाचा. एक किलो सायक्लोहेक्झेन असता तर त्यात ०.१०८९ मोल द्राव्य असतं. पण आपल्याकडे एक किलो नाही, १५.५५ ग्रॅम आहे, म्हणजे ०.०१५५५ किलोग्रॅम. म्हणून:

```
मोल = ०.१०८९ × ०.०१५५५ = ०.००१६९३
मोलर वस्तुमान = ०.२५२ ÷ ०.००१६९३ ≈ १४९ ग्रॅम प्रति मोल
```

उत्तर १४९. पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या १४७ जवळ, नॅफ्थलीनच्या १२८ पासून बरंच दूर. पण जवळ आहे म्हणजे किती खात्रीचं, हेही बघायला हवं. दोन्ही वाचनांत ०.०५ अंशाची अनिश्चितता धरली, तर घटीत ती साधारण ०.०७ होते. २.२० पैकी ०.०७ म्हणजे सुमारे तीन टक्के. वजनातली अनिश्चितता त्यामानाने किरकोळ आहे. म्हणजे उत्तर १४९, पाच इकडे किंवा पाच तिकडे. त्या पट्ट्यात १४७ बसतं आणि १२८ बसत नाही. हेच पाण्यासारख्या छोट्या Kf च्या द्रावकात केलं असतं, तर घट जेमतेम ०.२० अंश आली असती. त्यात ०.०७ ची अनिश्चितता म्हणजे पस्तीस टक्के, आणि मग काहीच ठरलं नसतं.

एककांच्या चुका

माझ्या मते या चुका दोन गटांत पाहाव्यात. एका गटातल्या चुकांनी उत्तर इतकं विचित्र येतं की लक्ष दिलं तर लगेच पकडता येतं. दुसऱ्या गटातल्या चुकांनी उत्तर शहाण्यासारखं दिसतं. खरी काळजी त्यांची करायची.

सर्रास होणारी चूक ग्रॅम आणि किलोग्रॅमची. द्रावकाचं वस्तुमान ०.०१५५५ ऐवजी १५.५५ घातलं की मोलर वस्तुमान ०.१४९ येतं. सगळ्यात हलका अणू हायड्रोजनचा, त्याचं मोलर वस्तुमान १. त्याहून हलका पदार्थ असूच शकत नाही, म्हणून १ पेक्षा लहान उत्तर दिसलं की किलोग्रॅम तपासा. याची उलटी चूक पाठ केलेल्या सूत्रामुळे होते:

```
M = (1000 × Kf × द्राव्याचे ग्रॅम) ÷ (ΔTf × द्रावकाचे ग्रॅम)
```

यातला १००० हा ग्रॅमचे किलोग्रॅम करण्यासाठीच आलेला आहे. विद्यार्थी आधी स्वतः किलोग्रॅम करून घेतात आणि वर सूत्रातला १००० ही वापरतात. मग उत्तर येतं जवळपास १,४९,०००. हा आकडा एखाद्या मोठ्या प्रथिनाचा आहे, डांबरगोळीचा नव्हे. मी स्वतः हे सूत्र पाठ करायला सांगत नाही. वरच्या तीन पायऱ्यांनी गेलं की १००० कुठून आला हा प्रश्नच उरत नाही. मिलिग्रॅमचीही गोष्ट तीच. काट्यावर २५२ मिलिग्रॅम दिसलं तर आकडेमोडीत ते ०.२५२ ग्रॅम म्हणूनच जायला हवं.

दुसरी पकडता येणारी चूक म्हणजे घटीत २७३ मिळवणं. तापमान केल्व्हिनमध्ये हवं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून २.२० चे २७५.३५ केले जातात. पण २.२० हे तापमान नाही, तो दोन तापमानांतला फरक आहे. दोन्ही तापमानांत २७३.१५ मिळवून वजाबाकी केली तरी २.२० च येतात. चुकून मिळवलं तर मोलर वस्तुमान सुमारे १.२ येतं, आणि ते बघूनच थांबायला हवं.

आता फसव्या चुका. पाण्याची गणितं सोडवून आलेला विद्यार्थी द्रावणाचा गोठणबिंदू हाच घट म्हणून घालतो. पाण्याचा गोठणबिंदू शून्य असल्यामुळे तिथे उणे ०.७४ चं चिन्ह काढलं की घट ०.७४ मिळते आणि सवय लागते. सायक्लोहेक्झेनच्या बाबतीत ४.२० हीच घट धरली तर मोलर वस्तुमान ७८ येतं. ७८ म्हणजे चक्क बेन्झीनचं मोलर वस्तुमान! उत्तर इतकं ओळखीचं दिसतं की शंकाही येत नाही. म्हणून वहीत आधी दोन गोठणबिंदू एकाखाली एक लिहायचे आणि वजाबाकी करूनच पुढे जायचं, द्रावक पाणी असला तरीही.

दुसरी फसवी चूक मिलिलिटरची. मोललतेत द्रावकाचं वस्तुमान लागतं, आकारमान नाही. पाण्याचा एक मिलिलिटर जवळपास एक ग्रॅम भरतो, म्हणून तिथे निभावून जातं. सायक्लोहेक्झेनची घनता २० अंशांना ०.७७९ ग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. २० मिलिलिटर म्हणजे साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास, वीस ग्रॅम नव्हे. वीस धरले तर मोलर वस्तुमान ११६ येतं. शक्य वाटणारा आकडा, पण तब्बल बावीस टक्क्यांनी चुकलेला. पिपेट वापरूनही नळी वजन करायला सांगितली ती यासाठी. वजनाची सोय नसेल तर आकारमानाला घनतेने गुणून वस्तुमान काढायचं.

तिसरी चूक अगदी बारीक आहे. द्रावकाच्या जागी संपूर्ण द्रावणाचं वस्तुमान घेणं. नळीत शेवटी १५.८०२ ग्रॅम द्रावण आहे, तेच घातलं तर उत्तर १४६ येतं. हे १४७ च्या आपल्या योग्य उत्तरापेक्षाही जवळ! एखाद्याला वाटेल की हीच पद्धत बरी. तसं नाही. या चुकीने उत्तर नेहमी खालीच सरकतं, आणि आपलं प्रायोगिक उत्तर योगायोगाने थोडं वर होतं म्हणून दोन्ही एकमेकांना खाऊन बसले. द्राव्य जास्त घातलं असतं तर हीच चूक मोठी झाली असती. उत्तर ओळखीच्या आकड्याजवळ आलं यावरून रीत बरोबर ठरत नाही.

Kf विषयीही थोडं. त्याचं एकक केल्व्हिन किलोग्रॅम प्रति मोल. जुन्या काही पुस्तकांत तो १०० ग्रॅम द्रावकासाठी दिलेला असतो, मग पाण्यासाठी १.८६ ऐवजी १८.६ दिसतो. म्हणून आकडा उचलताना त्याच्या शेजारचं एककही उचलायचं. तक्त्यात लगतच्या स्तंभात उत्कलनबिंदूचा स्थिरांक Kb असतो, सायक्लोहेक्झेनसाठी सुमारे २.८. डोळा त्या रकान्यात घसरला तर मोलर वस्तुमान विसाच्या आसपास येईल. या सगळ्यावर एकच भरवशाचा उपाय आहे, तो म्हणजे एककंही आकड्यांसोबत लिहून काटणं:

```
(K·kg/mol × g) ÷ (K × kg) = g/mol
```

काटल्यावर ग्रॅम प्रति मोल उरलं नाही, तर कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही. मात्र ४.२० ला घट समजण्याची चूक आणि द्रावणाला द्रावक समजण्याची चूक यातून पकडल्या जात नाहीत, कारण तिथे एकक बरोबरच असतं. त्या नजरेनेच शोधाव्या लागतात.

एकक बरोबर, तरी उत्तर चूक

कधीकधी आकडेमोड निर्दोष असूनही मोलर वस्तुमान बरोबर निम्मं किंवा दुप्पट येतं. ही पद्धत कण मोजते, आणि विरघळल्यावर कणांची संख्या बदलू शकते. बेन्झॉइक आम्लाचं मोलर वस्तुमान १२२ आहे, पण बेन्झीनमध्ये त्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोड्या करून राहतात, आणि प्रयोगात उत्तर २४४ च्या आसपास येतं. मीठ पाण्यात विरघळलं की प्रत्येक एककाचे दोन आयन होतात, म्हणून ५८.४ ऐवजी साधारण ३० येतं. नॅफ्थलीन आणि पॅराडायक्लोरोबेन्झीन यांच्या जोड्या बनत नाहीत आणि आयनही होत नाहीत, म्हणून आपलं उदाहरण या भानगडीतून सुटलं.

दुसरं कारण उडून जाणाऱ्या द्रावकाचं. नळी बराच वेळ उघडी राहिली तर सायक्लोहेक्झेन कमी होतो, द्रावण तीव्र होतं, घट वाढते आणि मोलर वस्तुमान खोटं कमी येतं. प्रयोग संपल्यावर नळी बुचासकट पुन्हा वजन केली की किती उडालं ते कळतं. शक्य असेल तर त्याच द्रावणात आणखी थोडी मोजलेली पूड घालून गोठणबिंदू परत घ्या. एकूण द्राव्य धरून आलेलं दुसरं उत्तर पहिल्याशी जुळायला हवं. ते खाली घसरलं तर उडालेल्या द्रावकाचा संशय घ्या.

आपल्या निकालाची पडताळणी अगदी स्वस्तात होते. पॅराडायक्लोरोबेन्झीन ५३ अंशांना वितळतो, नॅफ्थलीन ८० अंशांना. गोळीचा तुकडा बंद परीक्षानळीत घालून ती साठ-पासष्ट अंशांच्या पाण्यात धरली, तर पहिला वितळून पाण्यासारखा होईल आणि दुसरा तसाच राहील. किंवा पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला आणि त्यात गोळी सोडा. नॅफ्थलीन तरंगतं, पॅराडायक्लोरोबेन्झीन बुडतं. साध्या पाण्यात मात्र दोन्ही बुडतात, त्यामुळे मीठ पुरेसं घातलंय ना, एवढं बघून घ्या.